एकाच टाचेतली दोन दुखणी: एका धावपटूच्या सोनोग्राफीचा प्रकरण अभ्यास

रुग्ण ४३ वर्षांच्या. बरीच वर्षं नियमित धावणाऱ्या, आठवड्याला साधारण ४० किलोमीटर, वर्षातून एखाद-दुसरी हाफ मॅरेथॉन. उजवी टाच पाच महिन्यांपासून दुखत होती. माझ्याकडे सोनोग्राफीसाठी आल्या तेव्हा चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: ‘उजवा प्लांटार फॅशिआयटिस, फॅशियाची जाडी पाहावी.’ प्लांटार फॅशिया म्हणजे टाचेच्या हाडापासून तळव्याखालून बोटांकडे जाणारा तंतूंचा जाड पट्टा, आणि फॅशिआयटिस म्हणजे त्याचं दुखणं. सोबत दोन महिन्यांपूर्वीचा दुसरीकडचा रिपोर्ट होता. त्यात जाडी ६.८ मि.मी. लिहिली होती आणि पुढे शेरा होता ‘तीव्र’. त्या आकड्यानं त्या धास्तावल्या होत्या. सात आठवड्यांवर शर्यत आली होती आणि त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: जाडी कमी झाली का, की आणखी वाढली?

खरी अडचण जाडीची नव्हतीच. तळव्याच्या दुखण्यासाठी त्या जो व्यायाम मनापासून करत होत्या, तोच व्यायाम त्याच टाचेच्या मागच्या बाजूला दुसरं दुखणं पोसत होता. चिठ्ठीत मागितलं होतं तेवढंच मोजून मी थांबलो असतो, तर ते दिसलं नसतं.

प्रोब हातात घेण्याआधी

टाच दुखते म्हणून आलेल्या माणसाला मी आधी सांगतो, ‘एका बोटानं जागा दाखवा.’ या बाईंनी बोट आधी टाचेच्या खाली, आतल्या बाजूला ठेवलं. थोडं थांबून म्हणाल्या, “आणि हल्ली इथंही,” आणि बोट मागे, बुटाची कड घासते तिथं नेलं. खालचं दुखणं पाच महिन्यांचं होतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पाच-दहा पावलं नकोशी, मग हळूहळू सुसह्य, आणि संध्याकाळी पुन्हा ठणका. मागचं दुखणं सहा आठवड्यांचं. तेही सकाळी जाणवायचं, पण धावायला सुरुवात केल्यावर आणि चढावर जास्त. दोन्ही सकाळीच दुखत असल्यानं त्यांनी ते एकच दुखणं धरलं होतं.

दुखणं सुरू होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी दोन बदल केले होते. टाच आणि चवडा यांच्या उंचीत १० मि.मी. फरक असलेले जुने बूट सोडून ४ मि.मी. फरकाचे घेतले होते आणि आठवड्यातून एकदा चढावर वेगाने धावण्याचा सराव सुरू केला होता. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेनं होतो. टाच तुलनेनं खाली जाते, घोटा जास्त वाकतो, आणि पोटरीपासून पावलाच्या कमानीपर्यंतच्या सगळ्या साखळीवर ताण चढतो. खालचं दुखणं सुरू झाल्यावर त्यांना पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा खाली सोडायचा व्यायाम सांगितला गेला. त्या तो दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी बराच वेळ ताण धरून करत होत्या. त्यानं तळव्याला थोडा आराम पडला. मागची बाजू त्यानंतर काही आठवड्यांनी दुखायला लागली.

अंगठ्यानं दाबून पाहिलं तेव्हा टाचेच्या हाडाच्या खालच्या, आतल्या उंचवट्यावर त्यांनी पाय ओढून घेतला. दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून टाच आवळली तर काही दुखलं नाही. ही चाचणी धावपटूंमध्ये मी कधी चुकवत नाही, कारण टाचेच्या हाडाला ताणामुळे गेलेली बारीक चीर फॅशिआयटिससारखीच भासू शकते. अशी चीर हाडाच्या आत असते आणि सोनोग्राफीच्या लहरी हाडाच्या पृष्ठभागापलीकडे जात नाहीत. पृष्ठभागावरचं आवरण उचललेलं दिसलं तर संशय घेता येतो, पण काही दिसलं नाही म्हणून चीर नाही असं म्हणता येत नाही. आवळल्यावर दुखलं असतं, तर मी त्यांना एमआरआयकडे पाठवलं असतं.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा अकिलीस टेंडन टाचेच्या वर २ ते ६ सेंमीच्या पट्ट्यात चिमटीत धरून पाहिला, तिथं दुखलं नाही. हाडाला चिकटतो त्या जागी मात्र दुखलं. मग त्यांना एका पायावर चवड्यावर उठायला सांगितलं. डाव्या पायानं २५ वेळा सहज जमलं. उजव्यानं १४ व्या वेळी मागे दुखलं म्हणून त्या थांबल्या. हेच पायरीच्या कडेवर, टाच पायरीखाली नेऊन केलं, तर तिसऱ्या-चौथ्या वेळीच दुखलं. सपाट जमिनीवर आणि पायरीवर इतका फरक पडतो याचा अर्थ टेंडनला नुसता भार नको आहे असं नाही. टाच खाली गेल्यावर त्याच्यावर जे काही होतं, ते त्याला सोसत नाही. प्रोब लावण्याआधीच नजर कुठे ठेवायची हे यावरून ठरलं.

तळव्याकडून

रुग्णाला पालथं झोपवून पावलं टेबलाच्या कडेबाहेर सोडायची, म्हणजे घोटा मोकळा राहतो. टाचेची कातडी जाड आणि कोरडी असते, भेगांत हवा अडकते आणि चित्र धूसर येतं. त्यामुळे जेल हात आखडून वापरायचं नाही. धावपटूंच्या टाचेखालची चरबीची गादी एक-दीड सेंमीची असते, तिच्याखाली नीट पोचण्यासाठी मी तळव्याला १२ मेगाहर्ट्झच्या आसपास राहतो. अकिलीस कातडीच्या लगेच खाली असल्यानं तिथं त्याहून वर जाता येतं.

लांबीच्या दिशेनं प्रोब धरला की पडद्यावर वरून खाली असा क्रम दिसतो: कातडी, चरबीची गादी, मग फॅशियाचा पांढरट, बारीक रेघांचा पट्टा, आणि त्याखाली बोटं वाकवणारा छोटा स्नायू. डाव्या बाजूला टाचेच्या हाडाची ठळक रेघ. निरोगी फॅशिया हाडापासून निघतानाही एकसारख्या जाडीचा दिसतो, ४ मि.मी.च्या आत. ४ मि.मी.च्या वर गेला, तंतूंच्या रेघा पुसट झाल्या, रंग काळसर झाला आणि पट्टा मध्ये फुगला की आपण त्याला विकृत म्हणतो.

मोजमाप कुठे घ्यायचं यावर सगळं अवलंबून आहे. हाडाच्या उंचवट्यावरून फॅशिया वळतो आणि तिथं त्याचे तंतू तिरके जातात. वळणावर कर्सर ठेवला, किंवा रेघ तंतूंना काटकोनात न घेता तिरकी घेतली, तर आकडा फुगतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चरबीच्या गादीचा खालचा काळसर थर फॅशियातच धरणं. जुन्या रिपोर्टबरोबरच्या चित्रात या दोन्ही गोष्टी झालेल्या दिसत होत्या: एक कर्सर गादीत होता आणि रेघ तिरकी होती. मी हाडाची पुढची कड संपते तिथं, तंतूंना काटकोनात, तीनदा मोजून सरासरी घेतली. उजवा फॅशिया ५.२ मि.मी., डावा ३.५ मि.मी.

म्हणजे ६.८ चा ५.२ झाला तो बरं वाटल्यामुळे नाही. दोन महिन्यांत १.६ मि.मी. उतरणं हा आजार तसा करत नाही. फरक मोजण्याचा होता. त्यांना मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली, कारण अशा आकड्यांवर माणसं आशा बांधतात आणि पुढच्या वेळी तो अर्ध्या मि.मी.नं वर गेला की खचतात. अर्धा मि.मी. इकडेतिकडे हा हाताचा फरकही असू शकतो.

आकड्यापेक्षा मला दोन गोष्टी जास्त पटवतात. पहिली, दोन्ही पायांतला फरक. शरीराची ठेवण, वजन, वय यांमुळे एखाद्याचा निरोगी फॅशियाही ४.२ भरतो आणि त्याला काही त्रास नसतो. पण दुखणाऱ्या पायात ५.२ आणि दुसऱ्यात ३.५ हा १.७ मि.मी.चा फरक बोलका आहे. दुसरी, पडद्यावर नेमका काळसर भाग दिसतोय तिथं प्रोबनं दाबल्यावर ‘हेच ते’ असं रुग्ण म्हणतो का. त्या म्हणाल्या.

प्रोब अडवा फिरवून फॅशियाची पूर्ण रुंदी पाहिली. मधेच खंड पडलाय का, पोकळी दिसते का हे यात कळतं. अडव्या चित्रात प्रोबचा कोन जरा बदलला की निरोगी तंतूसुद्धा काळे दिसतात. म्हणून एकाच चित्रातल्या काळ्या डागाला मी फाटलेला भाग म्हणत नाही. तो दोन्ही दिशांना दिसला पाहिजे, कोन सुधारल्यावरही राहिला पाहिजे. इथं सगळे तंतू सलग होते. कमानीपर्यंत सरकत गेलो, गाठी नव्हत्या. हाडाचा काटा होता, छोटा. ‘टाचेचं हाड वाढलंय’ हे अनेकांना ऐकवलं जातं आणि ते घाबरतात, पण असा काटा अजिबात न दुखणाऱ्या टाचांतही नेहमी सापडतो. रिपोर्टमध्ये मी त्याला एक वाक्य दिलं आणि पुढे सरकलो.

मागच्या बाजूने

चिठ्ठीत अकिलीसचा उल्लेख नव्हता. तरी टाच दुखणाऱ्या धावपटूचा अकिलीस पाहिल्याशिवाय मी तपासणी संपवत नाही. दोन्हींवर पोटरीचाच जोर येतो. पोटरी ताठर असेल तर दोन्हींवर भार वाढतो, आणि उपचारही बरेचसे पोटरीमार्गेच जातात. एकाचा इलाज ठरवताना दुसऱ्याची अवस्था माहीत नसेल, तर काय होतं ते इथं दिसतच होतं.

मधला भाग आधी. तिथं मी जाडी आडव्या चित्रात, पुढून मागे मोजतो. लांबीच्या चित्रात प्रोब जरा तिरका लागला तरी आकडा वाढतो. उजवा ५.४, डावा ५.२ मि.मी., दोन्ही ठीक; साधारण ६ मि.मी.पर्यंत आपण निवांत असतो. टेंडनचा पुढचा काठ सपाट किंवा किंचित आत गेलेला असावा. झीज सुरू झाली की तो बाहेर फुगतो आणि गोलसर होतो. कित्येकदा आकडा अजून सीमेच्या आत असतो आणि काठाचा आकार आधीच बदललेला असतो, म्हणून मी आधी आकार पाहतो. इथं दोन्ही बाजूंना तो सपाट होता.

मग प्रोब खाली, हाडाला चिकटण्याच्या जागी आणला. इथं टेंडनचे तंतू हाडाकडे वळतात आणि कोनामुळे काळे दिसण्याची चूक सगळ्यात जास्त इथंच होते. प्रोबचा खालचा भाग हलकेच दाबून, कोन बदलत, डाव्या पायाशी ताडून पाहिलं. डावीकडे कोन बदलला की काळेपणा गेला. उजवीकडे गेला नाही. टेंडनच्या आतल्या बाजूचे, म्हणजे हाडाच्या वरच्या-मागच्या कोपऱ्याला लागून असलेले तंतू काळसर, सुजलेले आणि विस्कळीत होते. बाहेरच्या बाजूचे बरे होते. टेंडन आणि हाड यांच्यामधल्या द्रवाच्या पिशवीत, जी एरवी जेमतेम दिसते, ३.४ मि.मी.चा थर होता. हाडाचा तो कोपराही जरा पुढे आलेला होता. जिथं टेंडन चिकटतो तिथं कॅल्शियमची एक बारीक पांढरी रेघ होती.

इथं झीज म्हणतो ती नेमकी काय असते? कोलॅजनचे तंतू समांतर राहत नाहीत, त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारा भरणा वाढतो. म्हणून टेंडन जाड होतो आणि म्हणूनच काळसर दिसतो. दाह करणाऱ्या पेशी त्यात फारशा नसतात. शेजारच्या पिशवीत मात्र दाह असू शकतो, आणि या जागी दोन्ही एकत्र चालतात.

रक्तप्रवाह रंगांत दाखवणारा डॉपलर लावताना पाऊल सैल सोडलेलं हवं. ताणलेल्या टेंडनमध्ये नव्यानं आलेल्या बारीक रक्तवाहिन्या दबून जातात आणि चित्र खोटं स्वच्छ दिसतं. प्रोबचा दाबही तसाच हलका हवा, जेलचा थर मध्ये राहील इतका. पाऊल सैल असताना त्या काळसर भागात आणि पिशवीच्या काठाला रंग चमकले. मी पाऊल हातानं वर वाकवलं, रंग गेले. सोडलं, परत आले. पाऊल वाकवूनच डॉपलर केला जातो तेव्हा ‘रक्तप्रवाह वाढलेला नाही’ असा रिपोर्ट जातो. या जागी मला तो रिपोर्ट विश्वासार्ह वाटत नाही.

त्यानंतर मी त्यांना पडद्याकडे मान वळवायला सांगितलं आणि प्रोब तसाच ठेवून पाऊल हळूहळू वर वाकवलं. टेंडन मागून येऊन हाडाच्या कोपऱ्यावर टेकला. पिशवीतला द्रव दाबाखाली वर, चरबीत सरकला. काळसर तंतू अगदी त्या कोपऱ्याखाली सापडले. “इथं आत्ता दुखलं,” त्या म्हणाल्या, मी विचारायच्या आधी. पायरीच्या कडेवर टाच खाली सोडून त्या दिवसातून तीन वेळा टेंडनला याच कोपऱ्यावर दाबून धरत होत्या. फॅशियाला मिळणारा ताण फायद्याचा होता, पण तो मिळवायचा मार्ग टेंडनच्या आतल्या बाजूवरून जात होता.

एकाच टाचेत दोन ठिकाणी, दोन्ही जागी हाडाला चिकटण्याच्या टोकाशी आजार दिसला की आणखी एक शक्यता डोक्यात यायलाच हवी: मणक्याच्या दाहाशी नातं असलेला संधिवात. म्हणून मी काही प्रश्न विचारले. सकाळी कंबर अर्धा तासाहून जास्त आखडते का, विश्रांतीनं दुखणं वाढतं का, सोरायसिसचे चट्टे आहेत का, डोळा लाल होऊन दुखला होता का, एखादं बोट पूर्ण सुजतं का, घरात कुणाला असा आजार आहे का. उत्तरं सगळी नाही. हाडाच्या पृष्ठभागावर कुरतडल्यासारखे खड्डे नव्हते आणि डाव्या पायात सगळं ठीक होतं. शिवाय बूट बदलल्यापासून दुखणं सुरू होणं आणि व्यायामानंतर मागचं दुखणं लागणं, ही साखळी यांत्रिक कारणाशी जुळत होती. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं अलीकडे घेतली आहेत का हेही विचारलं, कारण ती टेंडनला बाधतात. तेही नव्हतं.

रिपोर्ट आणि त्यानंतरचा उपाय

रिपोर्टमध्ये मी फॅशियाची जाडी दोन्ही पायांची लिहिली, मोजल्याची जागा लिहिली, आणि आधीच्या चित्राशी तुलना का करू नये हे स्पष्ट लिहिलं. शेवटच्या भागात: ‘उजवीकडे प्लांटार फॅशियाची सौम्य ते मध्यम जाडी, तंतू सलग. त्याच बाजूला अकिलीसच्या हाडाला चिकटण्याच्या भागात झिजेची चिन्हं आणि पिशवीत द्रव; घोटा वर वाकवल्यावर त्या भागावर हाडाचा दाब येताना दिसतो. पायरीच्या कडेवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम करत असल्यास त्याचा फेरविचार करावा.’ रिपोर्टमध्ये व्यायामावर बोलणं काहींना आगाऊपणा वाटतो. पण पाठवणाऱ्या डॉक्टरांसमोर ते हलतं चित्र नसतं, आणि माझ्यासमोर होतं.

बाईंना इंजेक्शन हवं होतं. शर्यत तोंडावर होती. त्यांच्या डॉक्टरांनी नकार दिला आणि मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होतो. फॅशियात स्टेरॉइड दिल्यानं काही आठवडे बरं वाटतं, पण फॅशिया तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. ती गादी पातळ झाली तर धावपटूचं नुकसान मोठं, कारण ती परत भरून येत नाही. अकिलीसच्या आसपास तर स्टेरॉइड टेंडनच कमजोर करू शकतं. बधिर टाच घेऊन २१ किलोमीटर धावणं म्हणजे दुखण्याचा इशारा बंद करून त्याच जागी पुन्हा पुन्हा आदळणं. शर्यत रद्द झाली. त्यावर त्या रडल्या. मी त्यांना शर्यत पुन्हा येईल वगैरे काही सांगितलं नाही, फक्त चित्रातला तो कोपरा पुन्हा दाखवला.

फिजिओथेरपिस्टनं बसवलेला कार्यक्रम मला फार आवडला, कारण त्यात दोन्ही दुखण्यांचा एकत्र विचार होता. पायरीवरचा व्यायाम बंद. जुने १० मि.मी. फरकाचे बूट परत, आणि त्यात दोन्ही पायांत टाचेखाली १ सेंमीची गादी, म्हणजे घोटा कमी वाकेल आणि टेंडन हाडावर कमी टेकेल. चढ बंद.

फॅशियावर ताण आणायचा तर घोट्यातून न आणता बोटांतून आणायचा, हा त्यातला कळीचा भाग. पावलाची बोटं वर वाकली की फॅशिया चवड्याभोवती गुंडाळला जाऊन कमान उचलते. हिक्स यांनी १९५४ मध्ये हे वर्णन केलं होतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश चाचणीत याच तत्त्वावर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, जड वजन घेऊन चवड्यावर उठण्याचा व्यायाम एक दिवसाआड दिला गेला. नुसत्या ताण देण्याच्या व्यायामापेक्षा तीन महिन्यांनी त्याचा फायदा जास्त होता. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच झाले. मूळ व्यायाम पायरीवर करतात. इथं तो सपाट जमिनीवर आणला: बोटांखाली गुंडाळी, टाच जमिनीवरून वर, तीन सेकंद चढणं, दोन सेकंद थांबणं, तीन सेकंद उतरणं, जमिनीच्या खाली नाही. सुरुवात दोन पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर वजन.

अकिलीससाठीही याच बदलाला आधार आहे. आल्फ्रेडसन यांच्या गटानं १९९८ मध्ये मधल्या भागातल्या झिजेसाठी दिलेला, दिवसातून दोनदा पायरीवर टाच खाली नेण्याचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम गाजला. हाडाला चिकटण्याच्या जागच्या दुखण्यात मात्र तो तितका चालत नाही, आणि पुढे त्याच गटानं टाच जमिनीखाली न नेता करायची आवृत्ती आजमावली. या बाईंच्या डाव्या पायात मधल्या भागाची झीज असती, तर एका पायाला पायरी आणि एका पायाला सपाट जमीन, असं सांगावं लागलं असतं. नुसतं ‘अकिलीसचा त्रास’ एवढं कळून हे ठरत नाही. जागा कळावी लागते, आणि या तपासणीचा धावपटूला सर्वात मोठा उपयोग मला तिथंच दिसतो.

दुखण्याचं मोजमाप त्यांनी स्वतः ठेवायचं होतं. व्यायामात १० पैकी ४-५ पर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळच्या पातळीवर आलं पाहिजे. सकाळची पहिली पावलं जास्त दुखली, तर आदल्या दिवसाचा भार जास्त झाला. पहिले तीन आठवडे सायकल आणि पाण्यातला व्यायाम, मग चालणं-धावणं आलटून पालटून, सपाट रस्त्यावर.

चौदाव्या आठवड्यात

खालचं सकाळचं दुखणं १० पैकी ६ वरून २ वर आलं होतं. आठवड्याला २५ किलोमीटर हळू, सपाट धावणं चालू होतं. उजव्या पायानं सपाट जमिनीवर २३ वेळा उठता येत होतं. फॅशिया त्याच जागी, त्याच पद्धतीनं ४.८ मि.मी. पिशवीतला द्रव २ मि.मी.च्या आत. डॉपलरमध्ये एखादाच ठिपका. टेंडनचे आतले तंतू मात्र जवळजवळ तसेच काळसर.

“म्हणजे अजून जाडच आहे,” त्या म्हणाल्या. होय, ४ च्या वरच. आणि ०.४ मि.मी.ची ही घट मी ठामपणे घट म्हणायलाही तयार नव्हतो. पण त्यांचं दुखणं दोन-तृतीयांश गेलं होतं. जाडी दुखण्याच्या मागे मागे, कित्येक महिन्यांनी उतरते, आणि कित्येकांत पूर्ण उतरतच नाही. टेंडनच्या चित्राचं तर आणखी तसं आहे: बऱ्या झालेल्या धावपटूच्या टेंडनमध्येही जुना काळसरपणा राहतो, आणि कधीच न दुखलेल्या धावपटूंच्या टेंडनमध्येही तो सापडतो. अशा न दुखणाऱ्या बदलांमुळे पुढे त्रास होण्याची शक्यता वाढते, एवढं खरं. म्हणून त्यांना पोटरीचा व्यायाम धावणं पूर्ववत झाल्यावरही आठवड्यातून दोनदा चालू ठेवायला सांगितलं. तिसरी सोनोग्राफी ठरवलेली नव्हती, त्यांनी मागितली तरी मी करायला नको म्हणालो.

आठ महिन्यांनी त्यांच्या डॉक्टरांकडून कळलं की त्या आठवड्याला ३५ किलोमीटरवर आहेत. तळवा शांत आहे. मागची बाजू लांब चढाच्या दुसऱ्या दिवशी कुरकुरते, म्हणून चढ दहा दिवसांतून एकदाच, आणि बूट अजून तेच, १० मि.मी.चे. पुन्हा तपासणीला कधी यायचं हे त्यांना लिहून दिलेलं आहे: धावताना ‘कट्’ असा आवाज होऊन एकदम दुखलं तर, चवड्यावर उठायची ताकद अचानक गेली तर, तळव्याच्या कमानीत काळंनिळं पडलं तर, किंवा भार न देताही रात्री टाच ठणकायला लागली तर. यातल्या पहिल्या तिन्हींत मी तातडीनं सोनोग्राफी करेन. चौथ्यात सोनोग्राफीवर न थांबता एमआरआय सुचवेन, कारण तेव्हा संशय हाडावर असेल.